नोटीस आली, आता काकूंशी बोलायचं की नाही?

"मॅडम, वीस वर्षं घरच्यासारखे राहिलो आणि घरमालकीणबाईंनी वकिलाची नोटीस धाडली. आता समोर गेलो तर केस कच्ची होईल का?"

नाशिकमध्ये हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो. पंचवटीतल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

खाली भाडेकरू, वर घरमालकीण काकू. 2019 च्या पुरात पाणी खोलीत शिरलं तेव्हा या कुटुंबाचा मुक्काम वर काकूंकडेच होता. म्हणून नोटिशीतल्या "आमचे अशिलाने केवळ दयाबुद्धीने राहू दिले" या वाक्यापाशी ते अडकले. "म्हणजे तेव्हाही दयाच होती?" त्यांनी उलट नोटीस दिली: "सर्व मजकूर खोटा व अमान्य." मग काकूंनी जिन्यात बोलणं टाकलं. "मी खोटारडी?"

माझ्या मते भांडणाच्या मुळाशी बहुधा न बोललेली गरज असते, आणि तिथवर पोचायला मला धीर असतो. मी दोघांना आपापली नोटीस आणि पेन्सिल दिली. "जे वाक्य तुम्ही स्वतः वकिलाला सांगितलंत, त्याखाली रेघ ओढा."

काकू बराच वेळ पानं उलटत राहिल्या. शेवटी रेघ एकच: मुलीसाठी खोल्या हव्यात. भाडेकरूंचीही एकच: एवढ्यात घर सोडता येणार नाही.

"दयाबुद्धी तुमचा शब्द?"

"छे गं! मी तर म्हटलं, भाडं कधी चुकवलं नाही पोराने."

ते मान खाली घालून म्हणाले, "काकू, मीही खोटं म्हणालो नव्हतो. मुलाची दहावी आहे, मार्चपर्यंत थांबा, एवढंच."

"मग मला का नाही सांगितलंस?"

दयाबुद्धीने दिलेली जागा म्हटली की भाडेकरूचा हक्क नाकारता येतो. उत्तरात काही नाकारायचं राहिलं तर ते कबूल केल्यासारखं धरलं जाऊ शकतं, म्हणून वकील सगळंच नाकारतो. हा दाव्याचा साचा आहे. माणसं त्यात आपला चेहरा शोधतात आणि दुखावतात. हे मला अशा कितीतरी नोटिसा वाचून उमगलं.

म्हणून बोला, पण नोटीस दुर्लक्षून नाही. वकिलामार्फत मुदतीत उत्तर द्याच. थकबाकीची मागणी असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार नोटीस मिळाल्यापासून 90 दिवस होईपर्यंत त्या कारणाने ताब्याचा दावा लावता येत नाही. त्या काळात रक्कम भरून टाका. भाडं बँकेतूनच द्या, रोख दिलं तर पावती घ्या. बोलायला जाताना कशावर सही करू नका, आणि जे ठरेल ते "हक्क अबाधित ठेवून" लिहायला वकिलाला सांगा.

या दोघांनी एप्रिलअखेरची तारीख ठरवली. मसुदा वकिलांनी केला, पण पाठवण्याआधी दोघांनी तो शेजारी बसून वाचला आणि काकूंनी दोन शब्द खोडायला लावले.