पोथीतला जन्मवार आणि वेळ जुन्या पंचांगावरून कशी ताडून पाहायची?

प्रश्न: आमच्या घरी संतचरित्राची जुनी पोथी आहे. त्यात जन्माचा शक, तिथी, वार आणि 'सूर्योदयी' अशी वेळ दिलीय. जुन्या पंचांगावरून हे खरं की खोटं कळतं का?

उत्तर:

कळतं, पण अर्धंच. पोथीतला हिशोब आपसात जुळतो का एवढं कळतं, बाळ त्याच दिवशी जन्मलं का ते नाही कळत.

मी हिंगोलीकडचा, म्हणून आमच्या नर्सीच्या नामदेवांचंच सांगतो. त्यांच्या नावावरच्या आत्मचरित्राच्या अभंगात शके ११९२, कार्तिक शुद्ध एकादशी, रविवार आणि सूर्य उगवताना जन्म असं आलंय. तिथी, वार, वेळ तिन्ही आहेत म्हणून तपासायला सोपं. नुसती तिथी असती तर पकडायला काहीच नसतं, कारण कार्तिकी एकादशी दरवर्षीच येते.

आता माळवदावरची पंचांगं काढून काही उपयोग नाही, छापील मराठी पंचांगंच १८४१ च्या आसपास सुरू झाली, मुंबईत गणपत कृष्णाजींनी छापली तेव्हापासून. त्याआधीच्या काळासाठी मागं जाऊन गणित केलेलं पंचांग लागतं. स्वामीकन्नू पिल्लई यांचं 'इंडियन इफेमेरिस' १९२२ चं आहे, त्यात इ.स. ७०० ते १७९९ पर्यंतच्या तिथी आणि वार मिळतात, स्कॅन नेटवर सापडतं.

शकात ७८ मिळवले की १२७०. त्या वर्षी कार्तिक शुद्ध एकादशी येते २६ ऑक्टोबरला आणि वार रविवार. जुळलं! पण इथंच थांबू नका, वेळ पण बघा. एकादशी शनिवारी रात्रीच लागते आणि रविवारी संध्याकाळच्या सुमारास संपते, म्हणजे रविवारच्या सूर्योदयाला ती आरामात चालू आहे. हे महत्त्वाचं का, तर तिथी सूर्योदयाच्या अगदी काठावर लागत असती तर जुन्या सिद्धांताचं गणित आणि आजचं गणित यात काही घटिकांचा फरक पडून वार इकडचा तिकडं झाला असता, आणि मग काही ठामपणे बोलता आलं नसतं. जुनं गणित उज्जैनच्या रेखांशावर केलेलं असतं, पण उज्जैन आणि नर्सीच्या रेखांशातल्या फरकाची काळजी नको, तो पाच-सहा मिनिटांचाच आहे.

आणि आपल्याकडं वार सूर्योदयाला बदलतो, रात्री बाराला नाही. पोथीत 'पहाटे' असेल तर तो आदल्या वारात धरायचा, लोक इथं हमखास चुकतात.

माझी चूक पण सांगतो. मी आधी मोबाईलच्या एका अॅपमध्ये २६ ऑक्टोबर १२७० टाकलं, वार रविवार आला, खूश झालो, मग तिथी बघितली तर तीज-चौथीच्या आसपास! डोकं खाजवत बसलो. झालं असं की १२७० ची तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची, अॅप आजच्या ग्रेगोरियन पद्धतीनं मागं जातं, आणि त्या शतकात दोन्हींत बरोबर ७ दिवसांचा फरक आहे, म्हणून वार तोच येतो आणि चूक लपते. अॅपमध्ये २ नोव्हेंबर टाकायचं होतं.

दुसरी तपासणी म्हणजे शेजारची वर्षं. पोथीतला शक कधी गत असतो, म्हणजे पुरी झालेली वर्षं मोजलेला, तर कधी वर्तमान, म्हणजे चालू वर्ष धरून मोजलेला, त्यामुळं एक वर्ष मागंपुढं होऊ शकतं. १२६९ आणि १२७१ ची कार्तिकी एकादशी बघितली तर ती बुधवार-गुरुवारच्या आसपास पडते, रविवारी नाही. म्हणजे इथं ११९२ हा गत शक धरला तरच रविवार बसतो.

संवत्सरही बघून घ्या. शकात १२ मिळवायचे, ६० नं भागायचं, बाकी किती ते प्रभवपासून मोजायचं. ११९२ ला बाकी ४, म्हणजे प्रमोद. तुमच्या प्रतीत कुठं 'प्रभव' छापलेलं दिसलं तर ते चुकलंय, प्रभव ११८९ ला येतं. पण एका शब्दासाठी सगळी नोंद फेकू नका, प्र-प्र मध्ये लेखकूची गल्लत होणं अगदी सोपं आहे, उरलेले तीन धागे तर पक्के जुळतात.

पण एक मनात ठेवा, कुठलाही वार उगीच जुळण्याची शक्यता सातात एक असतेच, आणि एकादशीचा सूर्योदय हा इतका शुभ मुहूर्त आहे की नंतरच्या कुणी भक्तानं गणित करून तो बसवला नसेलच असं पंचांग सांगू शकत नाही. त्यासाठी अभंग किती जुन्या हस्तलिखितात आहे ते शोधावं लागतं.

तुमच्या पोथीतला शक, महिना, तिथी, वार इथं लिहा, बघून सांगतो.