एसएफडी बंद होतो, पण बीएमडी सी ला ९६ वरच राहतो

प्रश्न: सर, ८ मीटरचा ओव्हरहँगिंग बीम आहे. ए टोकाला हिंज, ए पासून ६ मीटरवर बी ला रोलर, पुढं सी पर्यंत २ मीटर मोकळं. पूर्ण लांबीवर १२ किलोन्यूटन प्रति मीटर यूडीएल. माझ्या दोन्ही रिअ‍ॅक्शन ४८-४८ आल्या, बेरीज ९६ जुळते, एसएफडी पण बंद होतो. पण बीएमडी सी ला शून्य होत नाही, ९६ राहतो. कुठं चुकलं?

उत्तर:

ए भोवती मोमेंट घेताना तू बी ची रिअ‍ॅक्शन ६ मीटरऐवजी ८ मीटरवर, म्हणजे सी टोकाला धरलीस. आकृती काढताना मात्र तीच रिअ‍ॅक्शन ६ मीटरवर लावलीस. बाकी तुझं सगळं बरोबर आहे.

हे तुझी वही न बघता सांगता येतं, कारण दोन्ही रिअ‍ॅक्शन सारख्या येण्यासाठी भाराचा मध्य दोन्ही आधारांच्या बरोबर मधोमध असावा लागतो. तुझ्या बीमवर एकूण भार १२ × ८ = ९६ किलोन्यूटन आणि त्याचा मध्य ए पासून ४ मीटरवर. हा मध्य बी पासून फक्त २ मीटरवर येतो. ए ४ मीटर लांब, बी २ मीटर जवळ, म्हणजे बी वर ए च्या दुप्पट भार यायलाच पाहिजे. ९६ चे तसे वाटे केले की बी ला ६४ आणि ए ला ३२. आता समीकरणाने बघ:

बी × ६ = ९६ × ४, म्हणून बी = ६४
ए = ९६ − ६४ = ३२

तू पहिल्या ओळीत ६ च्या जागी ८ लिहिलंस, म्हणून बी ४८ आली आणि वजाबाकीने ए पण ४८.

बेरीज जुळूनही उत्तर का चुकलं, हे नीट समजून घे. ए ची किंमत तू ९६ मधून बी वजा करूनच काढलीस. मग बेरीज ९६ येणारच, बी काहीही धरली तरी. जे समीकरण उत्तर काढायला वापरलं तेच तपासायला वापरलं तर त्यातून काहीच कळत नाही. पडताळा बी भोवती मोमेंट घेऊन कर. भाराचा मध्य बी च्या डावीकडे २ मीटरवर आहे, म्हणून ए × ६ = ९६ × २, म्हणजे १९२. तुझे ४८ इथं टाकले तर डावीकडे २८८ येतात. पेन्सिल एसएफडीला लागण्याआधीच चूक सापडली असती.

एसएफडी बंद झाला त्याचंही कारण हेच. उभ्या बलांच्या बेरजेत अंतर कुठं येतच नाही. तुझा एसएफडी ए ला ४८ पासून निघतो, बी च्या अलीकडे ४८ − ७२ = −२४ वर येतो, बी ला ४८ ची उडी मारून +२४ होतो आणि सी पर्यंत २४ भार उतरून शून्यावर येतो. ती ४८ ची उडी तू ५ मीटरवर दिली असतीस तरी तो शेवटी शून्यावरच आला असता. मोमेंटमध्ये मात्र प्रत्येक बलाला अंतराने गुणायचं असतं, म्हणून जागेची चूक बीएमडीत बाहेर पडते.

सी ला उरलेला ९६ हा आकडा फसवा आहे. एकूण भारही ९६ किलोन्यूटनच असल्यामुळे भार घ्यायचा राहिला की काय, असं वाटतं. पण हा ९६ किलोन्यूटन-मीटर आहे, आणि तो ४८ × २ मधून आला आहे. ४८ ही बी ची काढलेली रिअ‍ॅक्शन, २ हे तिच्या दोन जागांमधलं अंतर: समीकरणात ८ मीटर, आकृतीत ६ मीटर. तू काढलेल्या रिअ‍ॅक्शन सी ला रोलर असलेल्या बीमच्या आहेत. त्या बीमवर त्या टोकाला शून्य मोमेंट देतात. त्यातली एक २ मीटर अलीकडे सरकवलीस, म्हणून ४८ × २ एवढा मोमेंट शिल्लक राहिला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. एसएफडी बंद होतोय आणि बीएमडी होत नाही असं दिसलं, तर उरलेल्या मोमेंटला एकेका रिअ‍ॅक्शनने भागून बघ. भागाकार आकृतीतल्या एखाद्या अंतराशी जुळला, तर बहुतेक तीच रिअ‍ॅक्शन तेवढी सरकलेली असते. (बीमवर नुसता कपल दिलेला असेल आणि तो घ्यायचा राहिला असेल, तरी एसएफडी बंद होऊन बीएमडी अडकतो. म्हणून आधी कपल आहे का ते बघ.)

मी नांदेडला डिप्लोमाच्या मुलांना हा विषय शिकवतो. मुखेड, देगलूर, हिंगोलीकडून येणाऱ्या मुलांच्या वह्या रोज हातात असतात, आणि ही चूक त्यांत बहुतेक एकाच ठिकाणी होते. सिंप्ली सपोर्टेड बीमची गणितं आधी होतात, त्यांत आधार दोन्ही टोकांना असतात, आणि हाताला बीमची पूर्ण लांबी लिहायची सवय लागते. आकृतीत ६ आणि २ ही मापं सुटी दिलेली असतात, त्यांची बेरीज करून ८ काढावे लागतात. यूडीएलसाठी पूर्ण ८ मीटर घेणं बरोबर आहे, कारण भार ८ मीटरवर आहे. तोच ८ पुढं आधाराच्या अंतरातही शिरतो. मी मुलांना रिअ‍ॅक्शनचा बाण काढला की त्याच्या खालीच ए पासूनचं अंतर लिहायला लावतो, आणि समीकरणातला आकडा त्या बाणाखालून उचलायला सांगतो.

आता बरोबर बीएमडी बघ. ए पासून क्ष अंतरावर मोमेंट ३२क्ष − ६क्ष² येतो. शिअर ३२ ÷ १२, म्हणजे २.६७ मीटरवर शून्य होतो आणि तिथं सॅगिंग मोमेंट सर्वांत जास्त, ४२.६७. तिथून वक्र उतरतो, ५.३३ मीटरवर रेषा ओलांडून खाली जातो, बी ला −२४ होतो आणि सी ला शून्यावर येतो.

यातला −२४ माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाचा आकडा आहे, कारण तो रिअ‍ॅक्शन न काढता मिळतो. बी ला बीम कापलास असं समज आणि उजवीकडचा तुकडा बघ. त्यावर फक्त १२ × २ = २४ किलोन्यूटन भार आहे आणि त्याचा मध्य बी पासून १ मीटरवर. मोमेंट २४, आणि मोकळं टोक खाली वाकतं म्हणून हॉगिंग. डावीकडून तुझ्या ४८ ने तिथंच ४८ × ६ − १२ × ६ × ३ = ७२ येतात. एकाच छेदावर डावीकडून +७२ आणि उजवीकडून −२४ असू शकत नाही. फरक किती? ९६.

तुझी चूक अर्धीच झाली हे एका अर्थी बरं झालं. समीकरणात ८ आणि आकृतीतही ८ धरले असतेस तर एसएफडी बंद, बीएमडीही बंद, सगळं नीटनेटकं. मधोमध ४ मीटरवर ९६ चा सुंदर पॅराबोला आला असता आणि पूर्ण बीम सॅगिंगमध्ये दिसला असता. बीएमडी बंद होतो का हे बघून ती चूक कधीच सापडली नसती, कारण तो वेगळ्याच बीमचा बिनचूक बीएमडी आहे. तिथं उजवीकडून काढलेला −२४ च कामाला येतो. भार खालच्या दिशेला असलेला ओव्हरहँग दिसतो आहे आणि त्याच्या आधारावर हॉगिंग नाही, असं दिसलं की लगेच थांबायचं.

कागदावरचा हा फरक बांधकामात स्टीलची जागा बदलतो. आपल्याकडे घरांना पुढं गॅलरी काढतात, तिचा बीम बऱ्याचदा असाच कॉलमच्या पुढं येतो. सॅगिंगमध्ये बीमची खालची बाजू ताणली जाते, हॉगिंगमध्ये वरची. ९६ चा पॅराबोला खरा मानला तर मुख्य सळया सगळ्या खाली जातील आणि कॉलमवर वरच्या बाजूला रिंगा अडकवण्यापुरत्या बारीक सळया राहतील. खरा ताण तिथं वरून आहे, म्हणून तडाही कॉलमवर, वरच्या बाजूनं पडतो. फरशीखाली असल्यामुळे तो लवकर दिसत नाही, आणि पावसाचं पाणी त्यातून सळईपर्यंत पोहोचतं. वरची सळई कॉलमपाशी आणून सोडूनही चालत नाही. ५.३३ मीटरवर मोमेंट शून्य होतो, म्हणजे कॉलमच्या आत ०.६७ मीटरपर्यंत हॉगिंग आहे. सळई त्याच्याही पुढं न्यावी लागते. आयएस ४५६ मध्ये त्यासाठीचे नियम आहेत.

पण ०.६७ मीटर हे पूर्ण बीमवर सारखा भार असतानाचं आहे. खोली रिकामी आणि गॅलरीत माणसं जमलेली असतील तर शून्य मोमेंटची जागा आणखी आत सरकते, म्हणून डिझाइनला एकच बीएमडी पुरत नाही.

हे हाताने करून बघायचं असेल तर तोच बीम घे आणि १२ चा यूडीएल फक्त शेवटच्या २ मीटरवर ठेव. बी ला २८ आणि ए ला −४ येईल. वजा आलं म्हणून खोडू नकोस, ए चा आधार बीमला खाली धरून ठेवतोय, एवढाच त्याचा अर्थ. बी ला पुन्हा −२४ च येतील, आणि ए ते बी बीएमडी सरळ रेषेत, पूर्ण हॉगिंगमध्ये असेल. तुझं याहून वेगळं आलं तर बी चं अंतर कुठं काय लिहिलंस ते आधी बघ, आणि तरी अडलं तर पूर्ण गणिताचा फोटो इथं टाक.