विकलेलं मशीन रजिस्टरमधून खोडू नका

मालमत्तेच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक वस्तूला स्वतंत्र ओळ द्या. लेथ 4,00,000 रुपयांचं, वाहतूक आणि बसवणी 20,000. नोंद 4,20,000 ची. जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर तो कर किमतीत धरू नका, नाहीतर त्यावरचा घसाराही चुकतो.

बिलाच्या तारखेशेजारी वापर सुरू झाल्याची तारीखही लिहाच. 10 नोव्हेंबरला चालू झालेलं मशीन त्या आर्थिक वर्षी 180 दिवसांपेक्षा कमी वापरलं जातं, म्हणून आयकरात घसारा 15 ऐवजी 7.5 टक्के, म्हणजे 31,500. शिल्लक 3,88,500.

पुढे ते 3,50,000 ला विकलंत, तर आयकरात ही विक्रीची रक्कम संपूर्ण ब्लॉकमधून, म्हणजे त्याच घसारा दराच्या सगळ्या मालमत्तेच्या एकत्रित शिल्लकेतून वजा होते, शिल्लक किंमत नव्हे. इथेच बहुतेकांचा ताळा बिघडतो. ओळ तशीच ठेवून विक्रीची तारीख, रक्कम आणि बिल क्रमांक भरा.