‘सदर ठेव’ आणि ‘भावा, एफडी कर’ यांच्या मधली मराठी

प्रश्न : मी एका नागरी सहकारी बँकेचं इन्स्टाग्राम सांभाळते. वरून मजकूर येतो तो असा : “सदर योजनेअंतर्गत ठेवीदारांनी मुदतपूर्व ठेव मोडल्यास, ठेव प्रत्यक्ष बँकेकडे राहिलेल्या कालावधीकरिता लागू असलेल्या व्याजदरातून १ टक्का वजा करून व्याज अदा करण्यात येईल. ठेवी रु. ५ लाखांपर्यंत विमा संरक्षित.” तरुण ग्राहकांसाठी मी त्याचं केलं : “भावा, टेन्शन नको! एफडी कधीही मोड, फक्त १% कट. पैसे एकदम सेफ!” साहेब म्हणाले, बँकेची अब्रू जाईल. मग नेमके कोणते शब्द काढायचे, कोणते ठेवायचे? आणि ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’ की ‘आपण’?

उत्तर :

मूळ मजकुरातले शब्द दोन ढिगांत वेगळे करा. ‘सदर’, ‘अंतर्गत’, ‘करिता’, ‘अदा करण्यात येईल’ हे सगळे अंगरख्यासारखे आहेत. ते काढले तरी ठेवीदाराच्या हातात पडणारी रक्कम एका रुपयानेही बदलत नाही. ‘मुदतपूर्व’, ‘प्रत्यक्ष राहिलेल्या कालावधीला लागू असलेला दर’, ‘त्यातून वजा’, ‘५ लाखांपर्यंत’ हे मात्र हाडाचे शब्द. यातला एक जरी हलला तरी रक्कम बदलते. तुमच्या मजकुरात अंगरखा गेला हे छान झालं, पण त्याच्याबरोबर हाडंही गेली. साहेबांना ‘भावा’ खटकला असेल, मला ‘फक्त १% कट’ जास्त खटकतो.

हिशोब करून पाहू. समजा, एकाने १ लाख रुपये ३ वर्षांसाठी ७.५ टक्क्यांनी ठेवले. ठेव ठेवली त्या दिवशी १ वर्षाच्या ठेवीचा दर ६.७५ टक्के होता. बरोबर एका वर्षाने त्याने ती मोडली. सोपं जावं म्हणून तिमाही चक्रवाढ बाजूला ठेवू. “फक्त १% कट” वाचून एक जण समजेल की व्याजाच्या रकमेतला शंभरावा भाग जाणार, म्हणजे ७,५०० मधून ७५ गेले आणि ७,४२५ मिळाले. दुसरा समजेल की ७.५ चे ६.५ झाले, म्हणजे ६,५०० मिळणार. बँक मात्र त्याला ५,७५० देणार, कारण दर धरायचा तो १ वर्षाचा, ६.७५, आणि त्यातून १ वजा. एका वाक्यातून तीन रकमा निघाल्या आणि खरी रक्कम सगळ्यात लहान आहे. काउंटरवर भांडण होतं ते याच फरकावरून, आणि त्या वेळी ठेवीदार मोबाइलवर तुमची पोस्ट उघडून दाखवतो.

म्हणून हे वाक्य आखूड करू नका, उलट लांबवा. कडक मराठीत एका वाक्यात चार अटी कोंबलेल्या असतात, त्या सुट्या करून एकापुढे एक ठेवल्या की भाषा आपोआप तरुण होते. मी असं लिहीन :

“३ वर्षांची एफडी केली आणि वर्षभरातच पैसे लागले, तर? मोडता येते. पण व्याज ३ वर्षांच्या दराने मिळत नाही. पैसे जेवढा काळ बँकेत राहिले, तेवढ्या मुदतीचा दर धरतो आणि त्यातून १ टक्का कमी करतो. म्हणजे तो दर ६.७५% असेल, तर तुम्हाला ५.७५% ने व्याज मिळेल.”

यात एकही शब्द बँकेच्या माणसाला लाज वाटावी असा नाही, आणि एकही शब्द बावीस वर्षांच्या मुलीला अडावा असा नाही. ‘मोडणे’ हा शब्द मुद्दाम ठेवला आहे. एफडी ‘ब्रेक करा’ लिहिण्याची काहीच गरज नाही, घराघरात ती मोडतातच. उलट ‘मुदत ठेव’ या बरोबर मराठी शब्दाऐवजी मी ‘एफडी’ लिहिलं, कारण बोलताना तोच शब्द येतो. शब्द मराठी की इंग्रजी यापेक्षा वाचणारा तो रोज वापरतो का, हे पाहावं. पावतीवर मात्र ‘मुदत ठेव’ छापलेलं असेल, तर पोस्टमध्ये एकदा तरी “एफडी, म्हणजे पावतीवरची मुदत ठेव” असं जोडून द्या, म्हणजे पावती हातात आल्यावर तो बुचकळ्यात पडणार नाही.

‘सदर’बद्दल एक आठवण देऊन पुढे जातो. वाड्याच्या दर्शनी भागातली, जिथे बसून कारभार चालायचा ती सदर आणि ‘वर सांगितलेला’ या अर्थाचं ‘सदरहू’ हे एकाच घरातले शब्द. शब्द सुंदर आहे, पण ‘वर सांगितलेलं’ दाखवायला वर काहीतरी असावं लागतं. दहा शब्दांच्या पोस्टच्या सुरुवातीलाच ‘सदर योजना’ लिहिलं, तर ती कोणती, हे वाचणाऱ्याला कुठे शोधायचं? तिथे योजनेचं नाव लिहा.

आता ‘कधीही’. हा लहानसा शब्द मला स्वतःला महागात पडला आहे. काही वर्षांपूर्वी एका बँकेच्या पत्रकात मी ‘मुदतीपूर्वी काढता येईल’ची काटछाट करून ‘कधीही काढा’ केलं. मूळ वाक्य ज्या परिच्छेदात होतं, त्याच्या शेवटी कर बचत ठेवीचा अपवाद होता, तो माझ्या पत्रकात आलाच नाही. अशी ठेव ५ वर्षं मोडता येत नाही. आईच्या दवाखान्यासाठी पैसे काढायला आलेला एक मुलगा माझं पत्रक हातात घेऊन उभा होता. शाखेतल्या माणसाने त्याला समजावलं, पण त्या मुलाला मी चुकीची आशा दाखवली होती हे खरंच होतं. तेव्हापासून ‘कधीही’, ‘सगळ्यांना’, ‘एकदम’, ‘हमखास’, ‘फक्त’ हे शब्द मजकूर सोपा करताना माझ्या हातून नव्याने आले, तर मी थांबतो. मुळात नसलेलं आश्वासन बहुतेक याच शब्दांतून आत शिरतं.

‘पैसे एकदम सेफ’ हे त्यातलंच. ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये आहे, त्याआधी ती १ लाख होती. पण ही मर्यादा दर ठेवीला नाही. एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या शाखांमधल्या ठेवी एकत्र धरतात, आणि मुद्दल व व्याज मिळून ५ लाख. कुणाची ठेव ४,८०,००० असेल आणि व्याज ३५,००० झालं असेल, तर एकूण ५,१५,००० होतात आणि वरचे १५,००० विम्याबाहेर राहतात. आपल्याकडे निर्बंध आलेल्या सहकारी बँकांच्या दारात रांगा लावलेले लोक घरोघरी आहेत. तुमची पोस्ट वाचणाऱ्या मुलीची आजीही त्यातली असू शकते. तिच्या घरात ‘एकदम सेफ’ कुणालाच पटणार नाही. आकडा आणि मर्यादा पटेल.

इथे कर्मणी वाक्यं मोडतानाही जपून. ‘विमा संरक्षण देण्यात येते’ यात देणारा कोण ते लपलेलं असतं. सोपं करायचं म्हणून आपण चटकन ‘आम्ही तुमच्या ठेवीला विमा देतो’ लिहितो, आणि ते चूक आहे. विमा देतं ते रिझर्व्ह बँकेच्या मालकीचं ठेव विमा महामंडळ, डीआयसीजीसी. बँक फक्त हप्ता भरते, तोही ठेवीदाराकडून न घेता. ‘-ण्यात येते’ दिसलं की आधी विचारा, करतो कोण? उत्तर मिळालं की त्याचं नाव कर्त्याच्या जागी ठेवा. उत्तर मिळालं नाही तर मूळ मजकूर लिहिणाऱ्याकडे जा, स्वतः अंदाज करू नका. (पतसंस्थांच्या ठेवींना हा विमा लागू नाही. त्यामुळे तुमच्या बँकेचा मजकूर कुणी पतसंस्थेसाठी उचलून वापरला, तर ते वाक्य सरळ खोटं ठरतं.)

‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यावर माझं मत पक्कं आहे : ‘तुम्ही’. ‘आपण’ आदराचं आहे, पण मराठीत ते ‘आपण सगळे’ही असतं. ‘आपण अर्ज भरावा’ हे ठीक, पण ‘आपण किती बचत करतो?’ यात बँक स्वतःची बचत विचारते आहे की वाचणाऱ्याची, हे कळत नाही. ‘तू’ची अडचण वेगळी आहे, आणि ती व्याकरणाची आहे. ‘तू किती वाचवतोस?’ की ‘वाचवतेस?’ ‘नॉमिनी भरायला विसरलास?’ की ‘विसरलीस?’ प्रत्येक वेळी निवड करावी लागते आणि जी बाजू निवडाल त्याने अर्धे वाचणारे बाहेर पडतात. ‘भावा’ने तुम्ही तेच केलं आहे. ‘तुम्ही किती वाचवता?’, ‘नॉमिनी भरायला विसरलात?’ यात सगळे मावतात आणि बोलणं अजिबात परकं होत नाही. काउंटरवरच्या ताई वीस वर्षांच्या मुलालाही ‘तुम्ही’च म्हणतात, आणि त्याला ते आवडतं, कारण पैशाच्या बाबतीत त्याला पहिल्यांदाच कुणी मोठ्या माणसासारखं वागवत असतं.

एक कामाची गोष्ट जागेबद्दल. इन्स्टाग्रामवर चित्राखालचा मजकूर पहिल्या एक-दोन ओळींनंतर दुमडला जातो, आणि चित्राचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर गेला की तो मजकूर मागेच राहतो. म्हणून ज्या शब्दांनी रक्कम बदलते ते चित्रावरच हवेत. चित्रावर ‘७.५%’ मोठ्या अक्षरात आणि ‘३ वर्षं पूर्ण केल्यास’ खाली चित्राबाहेर, असं करू नका. दोन्ही एकाच ओळीत लिहा. कोपऱ्यात चांदणी काढून ‘अटी लागू’ लिहिण्यापेक्षा ती एक अट सरळ लिहून टाकणं बरं.

पोस्ट टाकण्याआधी ती फोनवरून एखाद्या भाच्याला किंवा भाचीला वाचून दाखवा आणि एवढंच विचारा, “१ लाख ठेवले, वर्षाने मोडले, हातात किती व्याज येईल?” उत्तर ५,७५० आलं तर मजकूर झाला. ६,५०० आलं तर ‘दर धरतो’ हे वाक्य अजून नीट बसलेलं नाही. तेच परत लिहा, बाकीच्याला हात लावू नका.

आणि पोस्टखाली कुणीतरी विचारणारच, “बँक बुडाली तर?” तिथे हसरा चेहरा टाकू नका, ‘शाखेशी संपर्क साधावा’ही नको. लिहा : “या बँकेतल्या तुमच्या सगळ्या ठेवी आणि त्यांवरचं व्याज मिळून ५ लाखांपर्यंतची रक्कम डीआयसीजीसीच्या विम्यात येते. त्यावरची येत नाही.”