‘आधारभूत पीएम१०’ गावकऱ्यांना कसं सांगायचं?

गावाजवळ खाण येतेय. पर्यावरण अहवालाच्या सारांशातलं ‘आधारभूत पीएम१०’ साध्या मराठीत कसं लिहू?

उत्तर:
‘खाण सुरू होण्याआधी, आज हवेत असलेली बारीक धूळ’ असं लिहा. केसाच्या जाडीच्या साधारण सातव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक, श्वासातून आत जाणारे हे कण.

मग बेरीज उलगडून दाखवा. समजा आज ६८, खाणीमुळे वाढ ९, म्हणजे ७७. चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा १००. हे आकडे एक घनमीटर हवेतल्या मायक्रोग्रॅमचे. यातले ६८ मोजलेले असतात, ९ हा मात्र संगणकावर काढलेला अंदाज. अनुवादात नेमका हाच फरक गळतो, तो ठळक लिहा. मोजणी कुठल्या वाडीत, कोणत्या महिन्यांत झाली तेही सांगा.