अलेग्रो, अडाजिओ आणि मेट्रोनोमचा आकडा

प्रश्न: "अलेग्रो म्हणजे फास्ट, अडाजिओ म्हणजे स्लो असं शिकलोय. मेट्रोनोमवर प्रत्येक शब्दापुढे आकडेही छापलेत, पण ते लावले की काही पीस बोटांना झेपतच नाहीत आणि काही उगाच रेंगाळतात. मग शीटवरचा शब्द वाचायचा तरी कसा?"

उत्तर: आधी शब्दाचं थोडक्यात सांगतो. इटालियनमध्ये अलेग्रो म्हणजे खुशीतला, उत्साही, आणि अडाजिओ (तिकडे उच्चार अदाजो) म्हणजे निवांत, सवडीने. दोन्ही शब्द मुळात वाजवण्याची वृत्ती सांगतात, वेग त्यातून निघतो. मेट्रोनोमचं पेटंट मेल्त्सेलने घेतलं १८१५ मध्ये, आणि मोझार्ट वारला १७९१ मध्ये, म्हणजे मोझार्टच्या अलेग्रोपुढे कुठे आकडा दिसला तर तो त्याचा नसतो, नंतरच्या कुठल्यातरी संपादकाचा असतो. तो सल्ला म्हणून वाचा.

आता मुख्य गोष्ट. आकडा लागतो बीटला, आणि बीट कुठला ते शब्द सांगत नाही, टाइम सिग्नेचर सांगते. सुरुवातीला नुसता सी असेल तर बीट क्वार्टर नोटचा, त्या सी ला उभी रेघ मारलेली असेल (आल्ला ब्रेवे, कट टाइम) तर बीट हाफ नोटचा, म्हणजे बारमध्ये चार नाही, दोनच बीट. तुमचे काही पीस रेंगाळतात ना, त्यात बहुतेक ही रेघच बघायची राहिलेली असते, अलेग्रोचे १३२ तुम्ही क्वार्टरला लावता आणि पीस निम्म्या वेगाने चालतो. उलट साध्या सी मधल्या अलेग्रोत पानभर सिक्स्टीन्थ नोट्स असतील तर १३२ ला सेकंदाला जवळजवळ नऊ नोट्स होतात, तिथे कमी आकड्यावरही तो अलेग्रोच वाटतो, कारण कानाला धावपळ त्या बारीक नोट्सचीच ऐकू येते. म्हणून पीस हातात घेतला की पहिली ओळ बघून वेग ठरवू नका, आधी पानं चाळून सगळ्यात दाट जागा शोधा, ती स्वच्छ वाजेल तो वेग धरा.

अडाजिओचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे बेथोव्हेनची मूनलाइट सोनाटा (१८०१), पहिली मूव्हमेंट. वर लिहिलंय अडाजिओ सोस्तेनुतो, आणि सिग्नेचर आहे कट टाइम! काही आवृत्त्यांत ती रेघ गायबच असते, नुसता सी छापलेला असतो, आणि मग लोक प्रत्येक ट्रिप्लेटला एक बीट धरून बारमध्ये चार ठोके देत बसतात. पण बेस बघा, पहिल्या बारमध्ये सी शार्प, दुसऱ्यात बी, हे दोन्ही पूर्ण बारभर, आणि तिसऱ्यात ए आणि एफ शार्प, अर्धा अर्धा बार. बेस बारचे दोन भाग करतोय, चार नाही. म्हणजे रेघ छापलेली नसली तरी पीसच ते सांगतोय.

वेग चुकलाय हे कळतं मेलडीवरून. पाचव्या बारच्या शेवटी जी शार्प येतो, एकाच स्वरावर लांब-आखूड अशा नोट्स, आणि मग सहाव्या बारमध्ये तोच स्वर तीन क्वार्टर धरायचा असतो. क्वार्टरला ४० लावले तर तो साडेचार सेकंद टिकवावा लागतो. पियानोचा स्वर दाबल्या क्षणापासून विरतच जातो, त्यात इथे पियानिस्सिमो, म्हणजे पुढचा स्वर येईपर्यंत आधीचा जवळपास संपलेला, मेलडी तुटते आणि नुसते ट्रिप्लेट ऐकू येत राहतात. हाफ नोटला ३० लावून बघा, म्हणजे क्वार्टरला ६०, तोच स्वर तीन सेकंद होतो आणि पुढच्याला जाऊन मिळतो. सोस्तेनुतो म्हणजे धरून ठेवलेला, तो धरलेपणा या वेगाला येतो, आणि तरी निवांतपणा कुठे जात नाही, कारण ठोका दोन सेकंदांनी एकदाच पडतोय. ३० हा काही बेथोव्हेनचा आकडा नाही हां, हॉलमध्ये घुमणारा मोठा पियानो असेल तर थोडं हळूही चालेल, लहान अपराइटवर स्वर लवकर विरतो म्हणून थोडं पुढे सरकावं लागेल.

बसवताना मेट्रोनोम बंद ठेवून पाचव्या ते नवव्या बारपर्यंतची मेलडी आधी गुणगुणा, खाली बेसच्या जागी पायाने बारमध्ये दोनदाच ठोका द्या, श्वास न तोडता ओळ जाते ती लय पकडा आणि मग मेट्रोनोम लावून आकडा काय येतो तो पेन्सिलने शीटवर लिहून ठेवा.