पेपरांमधला तो एक दिवस

“मॅडम, पाच पेपर आहेत. सोमवारी कॉस्टिंग, बुधवारी कायदा, शुक्रवारी आयकर, पुढच्या सोमवारी अर्थशास्त्र आणि बुधवारी संख्याशास्त्र. मधे एक-दोनच दिवस मिळतात, त्यात आख्खा विषय कसा होणार? कुठून सुरुवात करू तेच सुचत नाही.”

वाळपईजवळच्या गावातून म्हापशाला कॉलेजला येणाऱ्या, बी. कॉम. करणाऱ्या एका मुलीचा हा प्रश्न होता. परीक्षेला पाच दिवस उरले होते. वहीत तिने बेत मांडला होता: पाचही दिवस कॉस्टिंग आणि कायदा, कारण ते आधी येतात. आयकरापुढे फक्त “मधला दिवस आहे” एवढंच लिहिलेलं.

मी तिला तो मधला दिवस तासांत मोजायला सांगितलं. पेपर बाराला सुटतो. कदंबच्या बसने घरी पोचेपर्यंत अडीच, मग जेवण आणि थोडी झोप. साडेचार ते साडेसात असे तीन तास हाती येतात. रात्री आणखी तीन तास तिने धरले होते, ते मी खोडायला लावले. दिवाळी तोंडावर आली होती आणि वाड्यावर नरकासुर बांधणाऱ्या पोरांचे स्पीकर सुरू झाले होते. सुट्टीच्या दिवशी खरे सात तास. म्हणजे दोन पेपरांमधल्या एका दिवसाच्या फटीत दहा तास बसतात, शनिवार-रविवारच्या फटीत सतरा.

मग प्रत्येक विषयाला किती तास लागतील ते तिनेच सांगितलं. कायद्याला चौदा, आयकराला सोळा, अर्थशास्त्राला बारा, संख्याशास्त्राला बारा. फटीतले तास वजा केल्यावर कायद्याचे चार, आयकराचे सहा आणि संख्याशास्त्राचे दोन तास कमी पडत होते. अर्थशास्त्राला पाच तास वर उरत होते, आणि तिला धास्ती होती ती नेमकी त्याचीच. कमी पडणारे हे बारा तास परीक्षेआधीच भरून काढायचे. कॉस्टिंगचे पंधरा धरून सत्तावीस झाले. पाच दिवसांत सात-सात प्रमाणे पस्तीस होते, म्हणजे गणित बसत होतं. ते बसलं नसतं, तर प्रत्येक विषयातून एखादं लहान प्रकरण सोडायला मी सांगितलं असतं.

आधीच्या सहा तासांत आयकराचं नेमकं काय करायचं, यावर आम्ही जास्त वेळ घालवला. माझा नियम साधा आहे: ज्यात अडलो तर कुणाला तरी विचारावं लागतं, ते आधी करायचं, पाठांतर, व्याख्या, सूत्रं फटीत. पेपरच्या आदल्या दिवशी गावात बसून शंका विचारणार कोणाला?

तिने माझ्यासमोरच घरभाड्याच्या उत्पन्नाचं एक गणित सोडवलं. वर्षाचं भाडं 1,20,000, मालकाने भरलेली घरपट्टी 10,000. तिने 1,20,000 वर तीस टक्के काढून 36,000 ची वजावट लिहिली. आधी घरपट्टी वजा करायची आणि राहिलेल्या 1,10,000 वर तीस टक्के घ्यायचे, म्हणजे 33,000. वर्षभर ती हीच चूक करत होती आणि उत्तर पुस्तकाशी का जुळत नाही ते तिला कळत नव्हतं. तिने सरांना फोन केला, आणि दहा मिनिटांत विषय संपला. गुरुवारी दुपारी एकटीने हे धुंडाळलं असतं, तर दीड तास तरी गेला असता.

म्हणून पहिले दोन दिवस आयकर आणि संख्याशास्त्रातली अडणारी गणितं, तिसऱ्या दिवशी कायदा, शेवटचे दोन कॉस्टिंगला, असा क्रम ठरला. फटीत पुस्तक उघडण्याआधी कोऱ्या कागदावर त्या विषयाची प्रकरणं आणि प्रत्येकातले मुद्दे आठवून लिहायचे. जिथे कागद कोरा राहील तिथेच वाचायचं. नुसतं वाचत गेलं की सगळं ओळखीचं वाटतं आणि येतंय असा भास होतो, तो या कागदावर टिकत नाही.

सगळं ठरल्याबरहुकूम झालं नाही. बुधवारी कायद्याचा पेपर झाल्यावर म्हापशाच्या बसस्टँडवर मैत्रिणींशी उत्तरं जुळवण्यात तिची बस चुकली. एक उत्तर चुकल्याचं कळलं म्हणून घरी येऊन ती रडली आणि झोपली. त्या संध्याकाळचे तीन तास गेले. रात्री तिचा फोन आला, तेव्हा आम्ही गुरुवारचे सात तास नव्याने वाटले. घरभाडं आणि पगाराची गणितं आधीच झाली होती, त्यामुळे उरलेल्या प्रकरणांना पाच तास देता आले, दोन तास जुन्या प्रश्नपत्रिकेला राहिले. शुक्रवारी पेपर संपल्यावर ती कुणाशी न बोलता थेट बसमध्ये बसली.